केविलवाण्या चेहऱ्याची वसुली

माझं भांडण एका चेहऱ्याशी आहे. मोठे पाणीदार डोळे, आतल्या टोकाला वर गेलेल्या भुवया, खाली वळलेली एवढीशी जिवणी. 🥺. इंग्रजीत त्याला ‘प्लीडिंग फेस’ म्हणतात. मराठीत त्याचं नाव कुणी अधिकृतपणे ठेवलेलं मला माहीत नाही, पण आपल्याकडे त्याच्यासाठी शब्द आधीपासून आहे: केविलवाणा. लहान मूल दुकानाच्या दारात उभं राहून करतं तो.

हा चेहरा बंद करावा असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच, की तो जितका निरागस दिसतो तितका नाही. तो काहीतरी वसूल करतो, आणि ज्याच्याकडून करतो त्याला पुष्कळदा आपण काय देऊन बसलो हे कळतही नाही. मला ते गेल्या दिवाळीच्या आधी कळलं. आधी माझ्याकडून वसूल झालं तेव्हा, आणि मग मी दुसऱ्या कुणाकडून केलं तेव्हा. दोन्हींमध्ये जेमतेम आठवड्याचं अंतर होतं.

मी जयपूरच्या मानसरोवरमध्ये राहते. हाउसिंग बोर्डाने आखलेल्या या वसाहतीत रस्त्यांची नावं शिप्रा पथ, वरुण पथ, किरण पथ अशी काव्यमय आहेत, आणि त्यांवरचं आयुष्य इतर कुठल्याही वसाहतीसारखं भाजी, शिकवण्या आणि ई-रिक्षांचं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि फोनमध्ये दोन्हींची खिचडी. मी हिंदीतून मराठीत भाषांतरं करते. म्हणजे शब्दांवर पोट आहे. तरीही या चेहऱ्याने मला दोनदा चकवलं, म्हणून हे लिहायला बसले.

पहिला प्रसंग पैशांचा. एका प्रकाशनसंस्थेचं काम मी जूनमध्ये पुरं करून दिलं होतं. देयक एकवीस हजारांचं, मुदत पंचेचाळीस दिवसांची. मुदत ऑगस्टमध्ये संपली. सप्टेंबरच्या सुरुवातीला मी विचारलं. उत्तर आलं, “मॅम, इस हफ्ते पक्का 🥺”. पंधरवड्याने पुन्हा विचारलं. “अकाउंट वाले भैया छुट्टी पर हैं 🥺”. ऑक्टोबरमध्ये मी तिसऱ्यांदा विचारलं, आणि इथे माझी मलाच लाज वाटते, कारण मी लिहिलं, “थोड़ा देख लीजिए ना 🥺”. माझे, मुदत उलटून गेलेले, हक्काचे पैसे, आणि मी ते चतुर्थीच्या वर्गणीसारखे मागत होते. त्यावर तिकडून शब्दच आले नाहीत. फक्त चेहरा आला. व्हॉट्सॲपवर एकटं इमोजी पाठवलं की ते मजकुरातल्यापेक्षा कितीतरी मोठं दिसतं, तसा तो मोठ्ठा, निम्मा अंगठा भरेल एवढा.

आणि मी काय उत्तर दिलं? “कोई बात नहीं.”

या तीन शब्दांवर मी नंतर बराच विचार केला. बात तर होती. एकवीस हजारांची होती. ज्यानं पैसे द्यायचे होते त्यानं चेहरा पाडला, आणि जिला ते घ्यायचे होते ती त्याची समजूत काढू लागली. समोरच्यानं माझ्याकडून मुदतवाढ मागितलीच नव्हती. मुदतवाढ मागितली असती तर मी किती दिवसांची, कशासाठी, असं विचारलं असतं. त्यानं दिलासा मागितला, आणि दिलासा आपण कारण विचारून देत नाही. वसुली म्हणते ती ही.

हे का होतं, त्याचं थोडं कारण चित्रातच आहे. हा चेहरा 2018 साली युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत आला. त्याचा क्रमांक U+1F97A. रडणारे चेहरे त्याच्या कितीतरी आधीपासून होते. एक गालावरून एकच थेंब ओघळणारा, एक धबधब्यासारखा रडणारा. मग हा नवा कशाला? नीट पाहिलं तर दिसतं, की या चेहऱ्यावर अश्रू नाही. डोळे भरलेले आहेत, पण सांडलेले नाहीत. रडणारा चेहरा सांगतो, मला दुःख झालं आहे. हा सांगतो, मला दुःख होईल की नाही ते आता तुझ्या हातात आहे. अश्रू ही बातमी असते. भरलेले डोळे ही मागणी असते. तीन वर्षांनी, 2021 मध्ये, त्याच्याच शेजारच्या क्रमांकावर आणखी एक चेहरा आला, डोळ्यांच्या कडेला पाणी थोपवून हसरा राहिलेला. तो मला प्रामाणिक वाटतो. त्याला कुणाकडून काही नको असतं.

भुवयांचंही तसंच आहे. भुवईचं आतलं टोक उचललं की डोळे मोठे दिसतात, आणि मोठ्या डोळ्यांचा चेहरा आपल्याला पिल्लाचा, बाळाचा वाटतो. इंग्लंडमधल्या संशोधकांनी प्राणी-निवाऱ्यातल्या कुत्र्यांचं निरीक्षण करून 2013 साली एक निबंध प्रसिद्ध केला. माणूस समोर आल्यावर ज्या कुत्र्यांनी ही भुवई जास्त वेळा उचलली, त्यांना घर लवकर मिळालं होतं. 2019 मध्ये त्याच गटातल्या काहींनी आणखी पुढचं दाखवलं, की ही भुवई उचलणारा स्नायू कुत्र्यांत ठळकपणे असतो आणि लांडग्यांत तो नीट घडलेलाच नसतो. हजारो वर्षं माणसाने ज्यांना जवळ घेतलं त्यांच्यात तो टिकला असावा. म्हणजे हा चेहरा पाहून आपण विरघळतो ती काही आपली वैयक्तिक कमजोरी नाही. फरक इतकाच, की कुत्र्याला तो चेहरा तिथे उभं राहून करावा लागतो. माणसालाही, समोरासमोर असला तर. लाज वाटते, मान खाली जाते, समोरच्यानं ‘नाही’ म्हटलं की चेहरा आवरून घ्यावा लागतो. फोनवर त्याला एक टिचकी पुरते, आणि तो आवरला जात नाही. तुम्ही उत्तर देईपर्यंत तो तिथेच बघत बसलेला असतो.

माझी भाची पुण्याला शिकते. तिला मी हे सगळं फोनवर ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, “मावशी, तू त्या बिचाऱ्याला उगाच कोर्टात उभं करतेयस. आम्ही ते भीक मागायला वापरतच नाही.” आणि तिनं आपलीच जुनी बोलणी काढून मला पाठवली. आजीनं कुरियरने पाठवलेल्या चकल्या मिळाल्यावर: “आजीच्या चकल्या 🥺”. मैत्रिणीच्या मांजरीच्या फोटोवर: नुसतेच तीन चेहरे. मी वाढदिवसाला लांबलचक पत्र लिहिलं होतं त्यावर: “मावशी 🥺”. यात मागणी कुठे आहे? नाही. यात भरून येणं आहे. “अगं किती गोड” म्हणायला शब्द अपुरे पडले म्हणून केलेला चेहरा आहे.

तिचं बरोबर आहे, आणि हा मुद्दा मी मान्य करून टाकते, कारण त्यानं माझा मुद्दा उलट नीट उभा राहतो. चेहरा एकच आहे. तो वाक्यात कुठे येतो त्यावर त्याचा अर्थ ठरतो. जिथे कुणी काही मागितलेलं नाही तिथे तो माया असतो. जिथे पहिल्यांदा काही मागितलं जातं, “येशील ना 🥺”, तिथे तो आर्जव असतो. आपल्या बोलीतला ‘ना’ जे काम करतो तेच तो करतो. ‘ये’ आणि ‘ये ना’ यांत जो लाड आहे तो लाड. जवळच्या माणसात याचं काहीच वाईट वाटत नाही, कारण ‘ये ना’ला ‘नाही गं, जमत नाही’ असं उत्तर तितक्याच सहजपणे देता येतं. पण नकार मिळाल्यावर, किंवा उत्तराला उशीर झाल्यावर, तोच चेहरा पुन्हा आला, की तो आर्जव राहत नाही. आता त्याला नवीन काही सांगायचं नसतं. कारण तेच, मागणी तीच. वाढलेलं असतं ते फक्त तुमच्या नकाराचं ओझं. याला जुनी माणसं ‘जिवाला लावून घेणं’ म्हणत, आणि ते मुद्दाम दाखवण्याला ‘सोंग’.

भाचीला मी आणखी एक गोष्ट सांगितली ती तिला पटली. आपल्या पत्रांत एके काळी विनवणीला ठरलेल्या जागा होत्या. वडीलधाऱ्यांना लिहिताना सुरुवातीला ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, शेवटी ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’. लोभ असावा हे वाचून कुणी गहिवरत नसे की अपराधी होत नसे, कारण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असे की ही रीत आहे. मधला मजकूर वेगळा आणि त्याचं उत्तर वेगळं. भाची आणि तिच्या मैत्रिणींमध्ये हा चेहरा तसाच रीत होऊन बसला आहे, त्यांच्या पिढीचा ‘लोभ असावा’. घोळ होतो तो एकाची रीत दुसऱ्याला ठाऊक नसते तिथे. 2016 साली, म्हणजे हा चेहरा यायच्याही आधी, मिनेसोटातल्या संशोधकांनी लोकांना इमोजी दाखवून विचारलं होतं, की यातली भावना चांगली, वाईट की मधली. अगदी तंतोतंत तेच चित्र पाहूनही सुमारे पाव वेळा दोन माणसांचं यावर एकमत झालं नाही. आणि ही सगळी माणसं अभ्यासाला बसलेली, निवांत होती. कुणाचा रोज बुडणार नव्हता.

आता दुसरा प्रसंग, जो सांगताना मला पहिल्यापेक्षा जास्त जड जातं.

आमच्याकडे कामाला एक बाई येतात. सांगानेरच्या बाजूला राहतात, आधी दोन घरं करून साडेनऊला आमच्याकडे पोचतात. मी त्यांना दीदी म्हणते, त्या मला भाभीजी. त्यांना वाचता येतं, पण लिहायचा कंटाळा, म्हणून त्या बोलून निरोप पाठवतात. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी घरी पाहुणे यायचे होते. मी लिहिलं, “दीदी, कल सुबह थोड़ा जल्दी आ जाओगी? मेहमान हैं.” थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला: “भाभीजी, कल तो नहीं हो पाएगा, लड़की को बुखार है.”

त्यावर मी तो चेहरा पाठवला. नुसता. शब्दांशिवाय. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आलं नाही, आणि मी कणीक मळायला गेले.

सकाळी सव्वासातला दारात दीदी उभ्या होत्या. खांद्यावर मुलगी, शालीत गुंडाळलेली, अंग तापलेलं. मी म्हटलं, “अरे, आप तो आने वाली नहीं थीं!” त्या म्हणाल्या, “आपने रोती सूरत भेजी थी ना. मैंने सोचा भाभीजी बहुत परेशान हैं.”

मुलीला मी आत पलंगावर निजवलं, दीदींना काम करू दिलं नाही, चहा करून दिला, रिक्षाने परत पाठवलं. हे मी इथे स्वतःच्या बाजूने नोंदवत नाही. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तापातली मुलगी पहाटेच्या थंडीत सांगानेरहून मानसरोवरला आली होती, माझ्या एका टिचकीने.

दिवसभर मी स्वतःला विचारत राहिले, की तो चेहरा पाठवताना माझ्या मनात नक्की काय होतं? ‘अरेरे, बिचारी पोर’ असं होतं का? होतं. भाचीच्या त्या मांजरीच्या फोटोसारखं, कळवळ्याचं. ‘आता पाहुण्यांचं कसं होणार’ असंही होतं का? तेही होतं. आणि ‘बघा ना काही जमतंय का’? खरं सांगायचं तर, मला वेगळं करून सांगता येत नाही. शब्दांत लिहिलं असतं तर मला निवड करावी लागली असती. ‘लड़की का ध्यान रखना’ लिहिलं असतं तर पाहुणे त्यात आले नसते. ‘थोड़ी देर के लिए आ जाओ’ लिहिताना बोट थांबलं असतं, कारण ताप आलेल्या मुलीच्या आईला असं लिहायला मला लाज वाटली असती. चेहऱ्याने मला दोन्ही एकदम म्हणू दिलं, आणि दोन्हींची जबाबदारी न घेता म्हणू दिलं. माझ्या मते या चेहऱ्याची खरी सोय हीच आहे. तो मागणीला मायेचं रूप देतो असं नाही. तो पाठवणाऱ्याला स्वतःपासूनच लपवतो.

आणि दीदींच्या बाजूने पाहा. नकारानंतर आलेल्या त्या चेहऱ्याचा मायेचा अर्थ त्यांना लावता आला असता का? लावायचा धोका त्या घेऊ शकत होत्या का? मैत्रीण असती तर तिने विचारलं असतं, “हे माझ्या पोरीसाठी की तुझ्या पाहुण्यांसाठी?” दीदी मला हे विचारू शकत नाहीत. महिन्याचा पगार माझ्या हातून जातो. ज्याला उलट विचारता येत नाही त्याला सगळ्यात वाईट अर्थ धरूनच चालावं लागतं. ‘कल पक्का आना’ असं मी खडसावून लिहिलं असतं तर एक वेळ त्या रागावून आल्या नसत्या. हुकूम ओळखता तरी येतो आणि शेजारणीपाशी त्याला शिव्याही देता येतात. काकुळतीला आलेल्या मालकिणीला शिव्या कशा देणार?

म्हणून मला ते म्हणणं पटत नाही, की ‘वरच्याने’ असा चेहरा पाठवला तर त्यात नम्रता आहे, माणुसकी आहे. शाळेच्या व्यवस्थापनाने शिक्षकांना ‘रविवारी थोडा वेळ 🥺’, संपादकाने लेखकाला ‘उद्या सकाळपर्यंत 🥺’, सोसायटीच्या सचिवाने चौकीदाराला. अधिकार तसाच राहतो, वर खालच्याने वरच्याची समजूतही काढायची. त्यापेक्षा सरळ वाक्य बरं. त्यात काम काय, किती वेळ, जादा पैसे किती, आणि नाही म्हटलं तर चालेल का, हे लिहावं लागतं. हे चार तुकडे लिहून झाल्यावरही चेहरा लावावासा वाटला तर खुशाल लावावा. बहुतेक वेळा तेव्हा तो लावावासा वाटत नाही, असा माझा तेव्हापासूनचा अनुभव. आणि लावावासा वाटलाच, तर बहुधा त्या चारातलं एखादं उत्तर आपल्याला द्यायचं नसतं.

खालच्याने वरच्याला पाठवलेल्या चेहऱ्याबद्दल मी इतकी कडक नाही. ज्याच्याकडे दुसरं काही नाही त्याच्याकडे चेहरा असतो. मुलांकडे तो असतोच. पण माझ्यासारख्या, हिशेबाने काम करून हिशेबाने पैसे मागणाऱ्या बायकांनी तरी तो देयकाला जोडू नये. आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं की मागताना आवाज मऊ असावा. आवाज मऊ ठेवता ठेवता हक्काचं वाक्य कधी विनवणीचं होतं ते कळत नाही, आणि समोरच्यालाही मग ते विनवणीसारखंच टोलवता येतं. त्याच चेहऱ्याने.

पाडव्यानंतर मी प्रकाशनसंस्थेला पुन्हा लिहिलं. चेहरा नाही, ‘ना’ नाही, ‘थोड़ा’ही नाही. देयकाचा क्रमांक, रक्कम, मुदत संपल्याची तारीख, आणि एक प्रश्न: पैसे कुठल्या तारखेला जमा होतील? उत्तर ठरल्यासारखं आलं, “मॅम 🥺”. या वेळी मी चेहऱ्याला उत्तर दिलं नाही. तोच प्रश्न पुन्हा पाठवला, जसाच्या तसा. दोन दिवसांनी एक तारीख आली, आणि त्या तारखेनंतर चार दिवसांनी पैसे. कदाचित ते तसेही येणारच होते. पण “कोई बात नहीं” मात्र या वेळी माझ्याकडून गेलं नाही, आणि ते न लिहिताना मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त कष्ट पडले. दोनदा लिहून खोडलं.

दीदींशी मी त्या चेहऱ्याबद्दल बोलले, पण फारसं जमलं नाही. मी म्हटलं, मेरा वो मतलब नहीं था. त्या म्हणाल्या, कोई बात नहीं भाभीजी. मी चपापले. माझेच तीन शब्द माझ्याकडे परत आले होते, आणि त्या बोलत असताना त्यांचा हात भांड्यांवर चालूच होता.

आता मी त्यांना लिहीत नाही, त्यांच्यासारखंच बोलून पाठवते. आवाजात काय आहे ते त्यांना कळतं, आणि मलाही, कारण पाठवण्याआधी मी एकदा ऐकून घेते. परवा संक्रांतीच्या आदल्या दिवशी विचारलं, कल आओगी या छुट्टी लोगी, दोनों चलेगा. गच्चीवरून पतंगांचा गलका येत होता, तो त्या निरोपात आला असणार. त्यांचं उत्तर दोन सेकंदांचं होतं.

“छुट्टी.”

मी “ठीक है” म्हटलं आणि तिळाच्या लाडवांसाठी गूळ चिरायला घेतला.